पगारवाढ, कराचे टप्पे आणि बारा लाखांची भीती

प्राप्तिकराचे टप्पे माणसाला लागत नाहीत, रुपयांना लागतात. पगारदाराची एकूण मिळकत बारा लाखांवरून सोळा लाखांवर गेली म्हणून त्याचे पहिले बारा लाख वरच्या दरात ढकलले जात नाहीत. प्रत्येक टप्प्यातल्या रकमेला त्या टप्प्याचाच दर लागतो आणि खालच्या टप्प्यांतला हिशेब होता तसाच राहतो. तरीही जळगाव, भुसावळ, धुळे इथल्या कचेऱ्यांत, शाळांच्या स्टाफरूममध्ये आणि औद्योगिक वसाहतीतल्या कँटीनमध्ये दर फेब्रुवारीत एक वाक्य हमखास ऐकू येते: इन्क्रिमेंट लागले, स्लॅब बदलला, आता हातात कमीच येणार. या वाक्यावर विसंबून बढती पुढे ढकलणारे, परीक्षेच्या कामाचे मानधन नाकारणारे आणि मालकाला 'वाढ एप्रिलनंतर द्या' म्हणणारे लोक प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. त्यांचा हिशेब कुठे चुकतो आणि भीतीला कुठे थोडासा आधार आहे, हे सुटे करून पाहण्यासारखे आहे.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीचे टप्पे असे आहेत. पहिल्या चार लाखांवर कर नाही. चार ते आठ लाखांमधल्या रकमेवर ५ टक्के, आठ ते बारामधल्या रकमेवर १० टक्के, बारा ते सोळामधल्यावर १५, सोळा ते वीसमधल्यावर २०, वीस ते चोवीसमधल्यावर २५ आणि चोवीस लाखांपुढच्या रकमेवर ३० टक्के. पगारदाराला त्याआधी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून पगाराचा आकडा आणि करपात्र मिळकतीचा आकडा एक नसतो. शेवटी निघालेल्या करावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर, म्हणजे ज्याला सगळे सेस म्हणतात तो, चढतो.

भुसावळ रेल्वे विभागातल्या एखाद्या वरिष्ठ कर्मचाऱ्याची वजावटीनंतरची मिळकत बरोबर सोळा लाख आहे असे धरू. चार ते आठमधल्या चार लाखांवर २०,००० रुपये, आठ ते बारामधल्यांवर ४०,००० आणि बारा ते सोळामधल्यांवर ६०,००० मिळून १,२०,००० रुपये कर होतो. सेस धरून १,२४,८००. आता त्याचा पगार वर्षाला दहा हजारांनी वाढला आणि तो '२० टक्क्यांत' गेला. स्टाफरूमच्या हिशेबाप्रमाणे १६,१०,००० चे वीस टक्के म्हणजे ३,२२,००० रुपये कर बसायला हवा, आणि तसे खरेच असते तर वाढ नाकारणे शहाणपणाचे ठरले असते. प्रत्यक्षात वीस टक्के फक्त वरच्या दहा हजारांना लागतात. जादा कर २,००० रुपये, त्यावर सेस ८०. दहा हजारांपैकी ७,९२० रुपये त्याच्या खात्यात राहतात. पूर्वीच्या सोळा लाखांवरचा कर एका रुपयानेही हललेला नसतो.

महावितरणचे घरगुती बिल याच रीतीने चालते. पहिल्या शंभर युनिटांचा दर वेगळा, १०१ ते ३०० चा वेगळा. १०१ वे युनिट जळले म्हणून आधीची शंभर युनिटे महाग होत नाहीत. वीजबिलाच्या मागच्या बाजूला हे टप्पे छापलेले असतात आणि ते वाचणारा माणूससुद्धा करपत्रकासमोर बसला की हे विसरतो, हे नवल आहे.

दर कितीही चढा असला तरी टप्प्यांच्या पद्धतीत वाढ तोट्याची ठरत नाही. १९७३-७४ मध्ये भारतात व्यक्तीवरील प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. तोही दोन लाखांपुढच्या मिळकतीवरच होता, आणि त्या वरच्या शंभर रुपयांतूनही सव्वादोन रुपये मिळवणाऱ्याकडे उरत. अशा कराने माणसाचा उत्साह मेला असेल, पण त्याची थैली हलकी झाली नाही. थैली हलकी व्हायची असेल तर दर शंभर टक्क्यांच्या वर जावा लागतो.

मग ही समजूत आली कुठून? तिला एक जुने मूळ आहे. १९३९ पूर्वी भारतात टप्प्यांची नव्हे, पायरीची पद्धत होती. मिळकत एका मर्यादेपलीकडे गेली की सगळ्याच मिळकतीला वरचा दर लागे. आजचे जळगाव आणि धुळे जिल्हे जेव्हा पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश म्हणून ओळखले जात, त्या काळातल्या एखाद्या जिनिंग मालकाला थोडी जास्त मिळकत खरोखर महाग पडू शकत होती. १९३९ च्या दुरुस्तीने ती पद्धत गेली.

दुसरे मूळ ताजे आहे आणि ते जास्त महत्त्वाचे आहे. टप्प्यांच्या शेजारी कायद्यात एक वेगळी गोष्ट बसलेली आहे, ती म्हणजे रिबेट. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८७अ खालची ही सूट मिळकत ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर सगळा कर माफ करते, आणि मर्यादा ओलांडली की नाहीशी होते. टप्पे हळूहळू चढतात, रिबेट मात्र कड्यासारखे तुटते. जुन्या करप्रणालीत ही मर्यादा पाच लाखांची आहे. बरोबर पाच लाख मिळकतीवर १२,५०० रुपये कर निघतो आणि तेवढाच माफ होतो. मिळकत ५,१०,००० झाली की कर १४,५००, त्यावर सेस ५८०, म्हणजे १५,०८० रुपये भरावे लागतात. दहा हजारांची वाढ घेऊन माणूस ५,०८० रुपयांनी खाली येतो. हा तोटा साधारण ५,१६,४०० पर्यंत टिकतो, त्यापुढे वाढ पुन्हा फायद्याची होते. २०१९-२० पासून अनेक कनिष्ठ लिपिकांनी आणि शिक्षकांनी हा कडा स्वतः अनुभवला. 'वाढ लागली आणि हातात कमी आले' हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दोष टप्प्याचा नव्हता, रिबेटच्या मर्यादेचा होता, पण बोलताना दोन्हींना एकच नाव पडले: स्लॅब. जुन्या प्रणालीत यावर उपायही हाताशी असे. वरचे दहा हजार पीपीएफमध्ये किंवा विम्यात टाकले की कलम ८०क ची वजावट मिळून मिळकत पुन्हा पाच लाखांवर येई.

नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून रिबेटची मर्यादा बारा लाख आहे आणि माफ होणारा कर ६०,००० रुपयांपर्यंत. मर्यादेपर्यंत कर शून्य आणि एक रुपया पुढे गेला की साठ हजार, असे झाले असते तर पगारदारांनी खरोखरच वाढी परत केल्या असत्या. म्हणून कायद्यात मार्जिनल रिलीफची तरतूद आहे. मिळकत बारा लाखांपेक्षा जेवढी जास्त, त्यापेक्षा जास्त कर लागत नाही. नव्या प्रणालीत ही तरतूद २०२३-२४ मध्ये, मर्यादा सात लाख असताना आली. जुन्या प्रणालीतल्या पाच लाखांच्या कड्याला ती आजही नाही.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात उत्पादन विभागात काम करणाऱ्या अभियंत्याचे उदाहरण यासाठी उपयोगी आहे. त्याचा पगार महिन्याला १,०५,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,६०,००० होता. प्रमाणित वजावट काढल्यावर ११,८५,००० मिळकत, कर शून्य. त्याला महिन्याला ३,००० रुपयांची वाढ देऊ केली गेली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने सांगितले की बारा लाख ओलांडले की साठ-पासष्ट हजार कर बसतो, छत्तीस हजार मिळवून साठ हजार घालवशील. त्याने वाढ पुढच्या वर्षी द्यावी असा अर्ज लिहिला. कागदावर मांडलेला हिशेब मात्र असा आहे. वाढीनंतरचा पगार १२,९६,०००, मिळकत १२,२१,०००. टप्प्यांप्रमाणे कर ६३,१५० निघतो, सहकाऱ्याचा आकडा तेवढ्यापुरता बरोबरच होता. पण मिळकत बारा लाखांपेक्षा २१,००० नेच जास्त आहे, म्हणून मार्जिनल रिलीफमुळे कर २१,००० वर थांबतो. सेस ८४०, एकूण २१,८४०. छत्तीस हजारांच्या वाढीतून १४,१६० रुपये हातात उरतात. सोयीसाठी इथे वाढ एप्रिलपासून धरली आहे आणि भविष्य निर्वाह निधी व व्यवसाय कर बाजूला ठेवला आहे. ते धरले तरी दिशा बदलत नाही.

इथे एक बारीक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण बहुतेक माहितीपत्रके ती गाळतात. मार्जिनल रिलीफ कराला लागते, सेसला नाही. सेस रिलीफनंतरच्या करावर चढतो. त्यामुळे ज्याची मिळकत आधीच बरोबर बारा लाख, म्हणजे पगार १२,७५,००० आहे, त्याला पुढच्या दर शंभर रुपयांमागे शंभर रुपये कर आणि चार रुपये सेस पडतो. त्याचा हातातला पैसा दर शंभराला चार रुपयांनी खरोखर घटतो. ही घट १२,७०,५८८ च्या मिळकतीला सर्वांत जास्त असते, तिथे रिलीफ संपते आणि टप्प्यांचा नेहमीचा कर सुरू होतो. त्या ठिकाणी तोटा किती? २,८२४ रुपये, वर्षाला. मिळकत १२,७३,९३४ च्या आसपास पोचली की तोटा भरून निघतो आणि तिथून पुढे प्रत्येक शंभर रुपयांतले ८४ रुपये ४० पैसे राहतात. पगारवाढीने हातातला पैसा कधीच कमी होत नाही हे विधान टप्प्यांपुरते शंभर टक्के खरे आहे. रिबेटच्या काठावर ते या २,८२४ रुपयांच्या अपवादासह खरे आहे. मात्र या पट्ट्यात वाढीचा मोबदला जवळजवळ शून्य असतो हे समजून घ्यावे, नाहीतर पगारपत्रक पाहून फसवणूक झाल्यासारखे वाटते. बँकेतल्या ठेवींचे व्याजही याच बारा लाखांत मोजले जाते. पगारावरून ११,९५,००० वर निश्चिंत बसलेला माणूस वीस हजारांच्या व्याजाने काठ ओलांडतो आणि दोष पगारवाढीला देतो.

वाढ पुढे ढकलण्याच्या अर्जाने त्या अभियंत्याचे काय साधले असते, हा प्रश्नही कराच्या दृष्टीने मोलाचा आहे. पगारावरचा कर 'देय झाला' किंवा 'मिळाला' यांपैकी जे आधी घडेल त्यावर लागतो. वाढ मंजूर होऊन महिन्याचा पगार देय झाला असेल आणि कामगाराने मालकाला सांगितले की फरक एप्रिलमध्ये द्या, तरी ती रक्कम याच वर्षाची मिळकत धरली जाते. देय झालेला पगार नंतर स्वखुशीने सोडून दिला तरी कर चुकत नाही. कर टाळायचा तर वाढ मंजूर होण्याआधीच नाकारावी लागते, आणि मग करासोबत पैसाही जातो.

भीतीचे तिसरे मूळ पगारपत्रकात आहे, आणि अनुभवाने सांगायचे तर दहातल्या आठ तक्रारी इथूनच येतात. मालकाने किंवा कचेरीने वर्षभराच्या अंदाजी मिळकतीवर कर काढून तो महिन्यामहिन्याला कापायचा असतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी, विशेषतः शाळांमध्ये, कराचे पत्रक जानेवारी-फेब्रुवारीत भरून घेतले जाते आणि तोपर्यंत कपात नाममात्र असते. वरच्याच अभियंत्याचे घेऊ. कचेरीने डिसेंबरपर्यंत त्याची मिळकत बारा लाखांच्या आत धरली आणि काहीच कापले नाही. जानेवारीत वाढीसह हिशेब झाला, तेव्हा २१,८४० रुपये तीन महिन्यांत वसूल करायचे ठरले, महिन्याला ७,२८०. त्या तीन महिन्यांत हातात १,००,७२० रुपये पडतात, वाढीआधीच्या १,०५,००० पेक्षाही कमी. याच तीन पावत्या समोर धरून माणूस म्हणतो की वाढ खाल्ली. पण एप्रिल ते डिसेंबर त्याने दरमहा १,०८,००० घेतलेले असतात आणि पुढच्या वर्षी तीच कपात बारा महिन्यांत वाटली गेली की महिन्याला १,८२० पडते व हातात १,०६,१८० येतात. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. एका महिन्याची पावती बाजूला ठेवावी आणि फॉर्म १६ मधला वर्षाचा पगार व वर्षाचा कर यांची वजाबाकी दोन वर्षांची शेजारी-शेजारी मांडावी. मागच्या वर्षांचा महागाई भत्ता किंवा वेतन आयोगाचा फरक एकदम मिळाला असेल तर कलम ८९ चा दिलासा मागता येतो, त्यासाठी विवरणपत्राच्या आधी फॉर्म 10E ऑनलाइन भरावा लागतो. तो न भरल्याने गेलेला पैसा स्लॅबने नेलेला नसतो.

रावेर-यावल पट्ट्यातल्या नोकरदाराला आणखी एक गोष्ट माहीत असावी, कारण त्याच्या घरी केळी असते. शेतीच्या मिळकतीवर केंद्राचा प्राप्तिकर नाही, पण निव्वळ शेती मिळकत पाच हजारांवर असेल आणि बाकीची मिळकत करमुक्त मर्यादेवर असेल, तर दर ठरवताना शेतीचे उत्पन्न मोजले जाते. पगारातून १०,००,००० मिळकत आणि केळीतून ५,००,००० असणाऱ्या शिक्षकाचा कर आधी पंधरा लाखांवर काढतात, तो १,०५,००० येतो. मग शेतीच्या पाच लाखांत करमुक्त चार लाख मिळवून नऊ लाखांवर कर काढतात, तो ३०,०००. वजाबाकी ७५,०००. यातले ६०,००० रिबेटमध्ये जातात आणि १५,००० उरतात, सेससह १५,६००. केळी नसती तर दहा लाखांवर त्याचा कर शून्य असता. शेतीची मिळकत जणू खालच्या टप्प्यांत बसते आणि पगाराला वर सरकवते. असे असूनही त्याला वीस हजारांची पगारवाढ मिळाली तर जादा कर ३,००० आणि सेस १२० एवढाच लागतो, १६,८८० रुपये त्याचेच. विवरणपत्रात शेतीचा आकडा न दाखवल्याने हा हिशेब टळतो असे काहींना वाटते. सातबारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या असताना ही पळवाट टिकत नाही.

प्राप्तिकराबाहेर एक खराखुरा कडा महाराष्ट्रात आहे, तो व्यवसाय कराचा. १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत पगार घेणाऱ्या स्त्रीला व्यवसाय कर नाही. पंचवीस हजारांवर गेले की महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. धुळ्याच्या दुकानात किंवा रुग्णालयात पंचवीस हजारांवर काम करणाऱ्या स्त्रीला शंभर रुपयांची वाढ मिळाली तर त्या महिन्यात तिच्या हातात शंभर रुपये कमी येतात. अशा वेळी वाढ नाकारण्यापेक्षा ती तीनशेच्या पुढे मागणे हा रास्त मार्ग आहे.

वाढ नाकारण्याचा विचार करणाऱ्याने बारा लाखांच्या काठावरचे २,८२४ रुपये एका पारड्यात ठेवावेत आणि दुसऱ्या पारड्यात मूळ वेतन. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा, उपदान, पुढची टक्केवारीने मिळणारी प्रत्येक वाढ, आणि जिथे निवृत्तिवेतन शेवटच्या पगारावर ठरते तिथे तेही, सगळे मूळ वेतनावर मोजले जाते. काठावरचा तोटा पुढच्या एक-दोन वाढींत संपतो. नाकारलेली वाढ मात्र निवृत्तीपर्यंत प्रत्येक हिशेबातून वजा होत राहते.